वर्तुळाच्या आत की बाहेर?

एका कारखान्यातली पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. खालून पाणी सतत आणि एकसारखे वापरले जात आहे, वरून व्हॉल्व्हमधून भर पडत आहे. पातळी ठरावीक खुणेवर राहावी म्हणून एक कंट्रोलर बसवला आहे. पातळी खुणेखाली गेली की तो व्हॉल्व्ह जास्त उघडतो, वर गेली की कमी करतो. आता हा लॉगशीटवरचा एक रकाना पाहा. त्यात खुणेपेक्षा किती सेंटिमीटर तूट आहे ते लिहिले आहे. उणे चिन्ह असेल तर तितके पाणी जादा आहे असे समजायचे.

४०, २०, १०, ५, २.५

आणि हा दुसरा रकाना.

४०, −६०, ९०, −१३५

टाकी तीच, व्हॉल्व्ह तोच, कंट्रोलरचा नियमही अक्षरशः तोच. पहिल्या रकान्यात कंट्रोलर दर ५ मिनिटांनी पातळी पाहतो आणि दुसऱ्यात दर २५ मिनिटांनी. एवढ्या एका फरकाने पातळी खुणेवर येऊन थांबण्याऐवजी टाकी आलटून पालटून रिकामी होऊ लागते आणि ओसंडू लागते. नमुना घेण्याचा कोणता कालावधी चालेल आणि कोणता चालणार नाही, हे टाकी ओसंडण्याआधी कागदावर कसे कळेल? त्यासाठी झेड-ट्रान्सफॉर्म आणि एकक वर्तुळाची अट वापरतात. वर्गसमीकरण सोडवता येणाऱ्या कोणालाही ही तपासणी समजू शकते, म्हणून ती या एकाच टाकीवर सावकाश करून पाहू.

दोन नजरांमधला काळ

आपल्या कंट्रोलरचा नियम साधा आहे. तूट जितके सेंटिमीटर असेल त्याच्या एक-दशांश वेगाने, सेंटिमीटर प्रतिमिनिट, पातळी चढवायची. तूट ४० असेल तर व्हॉल्व्ह इतका उघडायचा, की पातळी मिनिटाला ४ सेंटिमीटर चढेल. पाणी जादा असेल तर त्याच हिशेबाने पातळी उतरवायची. या एक-दशांशाला गेन म्हणतात. आपण त्याला K म्हणू, म्हणजे K = ०.१.

कंट्रोलर क्षणोक्षणी पातळी पाहत असता तर चिंताच नव्हती. पातळी चढेल तसतसा तो व्हॉल्व्ह आवळत गेला असता. तूट हळूहळू विरत गेली असती आणि खूण कधीच ओलांडली गेली नसती. पण आजचे कंट्रोलर संगणकच असतात. ते एकदा पातळी वाचतात, हिशेब करतात, व्हॉल्व्हला आज्ञा देतात आणि पुढच्या वाचनापर्यंत ती आज्ञा तशीच धरून ठेवतात. दोन वाचनांमधल्या काळाला नमुनाकाल म्हणू आणि T या अक्षराने लिहू.

आज्ञा धरून ठेवण्याचा परिणाम मोजता येतो. सुरुवातीची तूट ४० आहे. सतत पाहणाऱ्या कंट्रोलरने ५ मिनिटांनंतर ती सुमारे २४ वर आणली असती. आपला कंट्रोलर मात्र पूर्ण ५ मिनिटे पातळी ४ सेंटिमीटरच्या वेगानेच चढवत राहतो, म्हणून ती २० वर येते. इथे त्या हट्टाने काही बिघडत नाही. पण T जर २५ मिनिटे असेल तर मिनिटाला ४ सेंटिमीटर या वेगाने पातळी १०० सेंटिमीटर चढते. तूट तर ४०च होती, त्यामुळे पातळी खुणेच्या ६० सेंटिमीटर वर जाते. पुढच्या वाचनात कंट्रोलरला हे दिसते आणि तो पातळी मिनिटाला ६ सेंटिमीटर उतरवू लागतो. २५ मिनिटांत ती १५० सेंटिमीटर उतरते आणि तूट ९० होते. दोन वाचनांच्या मध्ये कंट्रोलर आंधळा असतो आणि त्या वेळात तो आपली चूक आणखी मोठी करून ठेवतो.

हेच समीकरणात लिहू. आताची तूट e(k) आणि पुढच्या वाचनातली तूट e(k+१) मानली तर

e(k+१) = (१ − KT) · e(k)

म्हणजे प्रत्येक वाचनात तूट १ − KT या एकाच संख्येने गुणली जाते. T = ५ असेल तर ही संख्या ०.५ येते, त्यामुळे तूट दरवेळी निम्मी होते. T = १० असेल तर ती शून्य येते आणि एका फेरीत काम फत्ते होते. T = १५ असेल तर −०.५ येते, म्हणजे पातळी खूण ओलांडते, पण ओलांडणे दरवेळी निम्मे होत जाते. T = २० असेल तर −१ येते आणि तूट ४०, −४०, ४० अशी कायम झुलत राहते. T = २५ असेल तर −१.५ येते, आणि त्याचे काय होते ते आपण वर पाहिलेच. निष्कर्ष असा, की ही संख्या −१ आणि १ यांच्या मध्ये असेल तरच पातळी स्थिरावते.

झेड-ट्रान्सफॉर्म काय करतो

वरच्या उदाहरणात हिशेब तोंडीच झाला, कारण पुढची तूट फक्त आताच्या तुटीवर अवलंबून होती. खऱ्या यंत्रणेत ती आधीच्या दोन, तीन, चार वाचनांवर अवलंबून असते. अशा वेळी सोपी बेरीज-वजाबाकी करत शंभर वाचने पुढे जाणे म्हणजे अंधारात चाचपडणे होते.

झेड-ट्रान्सफॉर्ममध्ये वाचनांची सगळी रांग एकाच राशीत ओवली जाते. प्रत्येक वाचनाला त्याचा क्रमांक चिकटवायचा: पहिल्याला काही नाही, दुसऱ्याला z⁻¹, तिसऱ्याला z⁻², आणि मग सगळ्यांची बेरीज करायची.

E(z) = e(०) + e(१) z⁻¹ + e(२) z⁻² + …

या राशीला z⁻¹ ने गुणले की सगळी रांग एक घर मागे सरकते. त्यामुळे ‘मागच्या फेरीतले वाचन’ हे शब्द बीजगणितात फक्त z⁻¹ असे लिहिता येतात. काळाचे गणित अशा रीतीने साध्या गुणाकाराचे होते. आपल्या ५ मिनिटांच्या रांगेची बेरीज केली तर ती भूमितीय श्रेणी निघते आणि तिचे उत्तर येते

E(z) = ४० z / (z − ०.५)

छेदाकडे पाहा. तो z = ०.५ या ठिकाणी शून्य होतो. हा ०.५ म्हणजे दर वाचनात तुटीला गुणणारी तीच संख्या. छेद ज्या ठिकाणी शून्य होतो त्या जागांना पोल म्हणतात. वाचनांची रांग पुढे विरणार की फुगणार, हे या पोलांच्या जागेवरून ठरते. रांग लिहून काढायची गरजच उरत नाही.

ही पद्धत प्रत्यक्ष गरजेतून पुढे आली. दुसऱ्या महायुद्धात रडारवरून लक्ष्याचा माग काढताना त्याचे स्थान सलग कळत नसे, ठरावीक अंतराने स्पंदांमधून कळे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत अशा यंत्रणांवर काम झाले आणि १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्व्होमेकॅनिझमवरच्या ग्रंथात गणितज्ञ विटोल्ड हुरेविच यांनी नमुन्यांवर चालणाऱ्या यंत्रणांचा विचार मांडला. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील जॉन रॅगॅझिनी आणि लोत्फी झादे यांनी आपल्या निबंधात या पद्धतीला आज वापरात असलेले रूप दिले. पुढे फझी लॉजिकमुळे जगभर माहीत झालेले झादे ते हेच.

एक वाचन उशिरा

आता टाकीकडे परत येऊ आणि प्रत्यक्षात हमखास असणारी एक गोष्ट हिशेबात धरू, ती म्हणजे उशीर. पातळीचे वाचन सेन्सरकडून कंट्रोलरकडे यायला, हिशेब व्हायला आणि आज्ञा व्हॉल्व्हपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. समजा त्यात एक फेरी जाते, म्हणजे व्हॉल्व्ह आता हलतो तो मागच्या वाचनाच्या आधारावर. मग नियम असा होतो:

e(k+१) = e(k) − KT · e(k−१)

‘एक फेरी पुढे’साठी z आणि ‘एक फेरी मागे’साठी z⁻¹ लिहून हे आवरले तर छेदात उरणारे समीकरण मिळते.

z² − z + KT = ०

याला गुणधर्म समीकरण म्हणू. त्याची दोन मुळे म्हणजेच यंत्रणेचे दोन पोल.

T = ५ घेऊ, म्हणजे KT = ०.५. मुळे येतात ०.५ + ०.५i आणि ०.५ − ०.५i. या संमिश्र संख्या आहेत. ‘−१ आणि १ यांच्या मध्ये’ ही अट इथे लागू होत नाही, कारण या संख्या त्या रेषेवर नाहीतच. त्यांना जागा आहे ती प्रतलावर: ०.५ उजवीकडे आणि ०.५ वर किंवा खाली.

संमिश्र संख्येने गुणले की दोन गोष्टी घडतात. राशी काही अंशांनी फिरते आणि तिची लांबी काही पटीने बदलते. फिरण्याचा अर्थ टाकीत पातळीचा हेलकावा असा होतो. लांबी बदलण्याचा अर्थ हेलकावा वाढणे किंवा घटणे असा होतो. स्थिरतेसाठी फिरणे किती आहे याला महत्त्व नाही, दर फेरीत लांबी कमी व्हायला हवी एवढीच अट आहे. म्हणजे मूळ कुठल्याही दिशेला असो, मूळबिंदूपासून त्याचे अंतर १ पेक्षा कमी हवे. मूळबिंदूपासून १ अंतरावरचे सगळे बिंदू जोडले की १ त्रिज्येचे वर्तुळ होते, आणि त्यालाच एकक वर्तुळ म्हणतात. सगळे पोल या वर्तुळाच्या आत असतील तर यंत्रणा स्थिर असते. एकही बाहेर गेला तर ती अस्थिर होते. मघाची −१ ते १ ही पट्टी म्हणजे याच वर्तुळाचा आडवा व्यास होता.

आपल्या मुळाचे अंतर ०.२५ + ०.२५ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.७१ आहे. ते आत आहे. कोन ४५ अंशांचा, म्हणजे पूर्ण फेरीचा आठवा भाग. यावरून दोन भाकिते करता येतात: हेलकावा आठ वाचनांत एक आवर्तन पुरे करेल, आणि तेवढ्यात तो ०.७१ चा आठवा घात, म्हणजे एक-सोळांश होईल. आता मूळ नियमाने वाचने लिहू. सुरुवातीची दोन्ही वाचने ४० धरली आहेत.

४०, २०, ०, −१०, −१०, −५, ०, २.५, २.५

पहिले वाचन ४०, त्यानंतरचे आठवे २.५. चाळीसचा सोळावा भाग अडीच. भाकीत तंतोतंत उतरले.

आता T = १० घ्या. उशीर नव्हता तेव्हा हाच नमुनाकाल सर्वांत चांगला होता, पातळी एका फेरीत खुणेवर येत होती. उशीर धरला की KT = १ होतो, मुळांचे अंतर बरोबर १ येते आणि कोन ६० अंशांचा. म्हणजे पोल नेमके वर्तुळावर आले. वाचने अशी येतात:

४०, ०, −४०, −४०, ०, ४०, ४०, ०

सहा वाचनांचे, म्हणजे तासाभराचे आवर्तन. ते वाढत नाही आणि मिटतही नाही. एका वाचनाच्या उशिराने सर्वोत्तम नमुनाकाल कड्याच्या टोकावर नेऊन ठेवला. T = १५ केले तर अंतर सुमारे १.२२ होते, पोल बाहेर पडतात आणि तूट ४०, −२०, −८०, −५०, ७०, १४५ अशी फुगत जाते. उशिराविना हाच १५ मिनिटांचा काळ बिनघोर चालत होता.

मुळे न काढता तपासणी

KT ची किंमत ठरलेली नसते, ती आपल्यालाच ठरवायची असते. म्हणून प्रत्येक किमतीसाठी मुळे काढत बसण्यापेक्षा मर्यादाच शोधावी. z² + az + b = ० असे समीकरण असेल तर तीन गोष्टी तपासाव्यात.

१ + a + b हे शून्यापेक्षा जास्त हवे.
१ − a + b हे शून्यापेक्षा जास्त हवे.
b ची किंमत, चिन्ह सोडून, १ पेक्षा कमी हवी.

या अटी पाठ करण्यापेक्षा समजून घेणे सोपे आहे. वर्तुळातून बाहेर पडायला मुळाला तीनच दारे आहेत. उजवीकडे १ या ठिकाणचे दार पहिली अट बंद करते, डावीकडे −१ या ठिकाणचे दार दुसरी अट. संमिश्र मुळे मात्र जोडीने, वरून आणि खालून एकाच वेळी बाहेर पडतात. b हा दोन्ही मुळांचा गुणाकार, म्हणजे अशा जोडीच्या बाबतीत अंतराचा वर्ग असतो. तो १ च्या आत राहिला की तिसरे दारही बंद होते.

आपल्या टाकीसाठी a = −१ आणि b = KT. पहिली अट म्हणते KT शून्यापेक्षा जास्त हवा. दुसरी म्हणते २ + KT शून्यापेक्षा जास्त हवा, ते तर आहेच. तिसरी म्हणते KT < १. उशिराविना मर्यादा २ होती, एका वाचनाच्या उशिराने ती निम्म्यावर आली.

समीकरण तिसऱ्या, चौथ्या किंवा त्याहून वरच्या घाताचे असेल तर हाच विचार एका कोष्टकात मांडतात. बगदादमध्ये जन्मलेले आणि पुढे बर्कलीला शिकवणारे एलियाहू ज्युरी यांच्या नावाने ते ओळखले जाते. ते कोष्टक आले तेव्हा मोठ्या घाताच्या समीकरणाची मुळे हाताने काढणे फार जिकिरीचे होते. आज आकडे ठरलेले असतील तर मुळे संगणक काढतो:

```python
import numpy as np
K, T = 0.1, 5
print(abs(np.roots([1, -1, K*T])))
```

याचे उत्तर `[0.70710678 0.70710678]` असे येते. पण K आणि T किती ठेवावेत हे ठरवताना ज्युरींची पद्धत अजूनही उपयोगी पडते, कारण ती एका आकड्याचा निकाल न देता मर्यादा दाखवते.

आत असणे पुरेसे नाही

पोल वर्तुळाच्या आत आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. उशीर असताना T = ९ घेतले तर मुळांचे अंतर सुमारे ०.९५ येते. यंत्रणा कागदावर स्थिर असते. पण २० वाचनांनंतर, म्हणजे तब्बल तीन तासांनंतरही मूळ हेलकाव्याचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग शिल्लक असतो. T = ५ असताना तेवढ्याच वाचनांत तो हजाराव्या भागाच्या आसपास येतो. हेलकावाच नको असेल तर दोन्ही मुळे वास्तव हवीत, त्यासाठी KT ०.२५ पेक्षा जास्त नको, म्हणजे आपल्या टाकीला T अडीच मिनिटांपर्यंत हवा.

दुसरी सावधगिरी लॉगशीट वाचताना घ्यायची. अस्थिर यंत्रणेची वाचने अनंतापर्यंत फुगतात असे गणित सांगते, पण व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर त्याहून जास्त उघडत नाही आणि पूर्ण बंद झाल्यावर त्याहून जास्त बंद होत नाही. त्यामुळे हेलकावा काही उंचीपर्यंत वाढतो आणि तिथेच एकसारखा झुलत राहतो. पाहणाऱ्याला वाटते, की पातळी हलते आहे खरी, पण मर्यादेत आहे. हे ओळखण्याची खूण व्हॉल्व्हजवळ सापडते. प्रत्येक हेलकाव्यात व्हॉल्व्ह दोन्ही टोकांना जाऊन आदळत असेल तर पोल वर्तुळाबाहेर आहेत अशी शंका आधी घ्यावी.

तिसरी मर्यादा या पद्धतीच्या मुळातच आहे. ती फक्त वाचनाच्या क्षणांबद्दल बोलते. पाण्यावर नेमक्या ५ मिनिटांच्या आवर्तनाची लाट असेल आणि वाचनही दर ५ मिनिटांनी होत असेल, तर लाट दरवेळी त्याच ठिकाणी पकडली जाते आणि कागदावर पातळी सपाट दिसते. म्हणून नवी यंत्रणा सुरू करताना निदान काही तास तरी पातळीची नोंद कंट्रोलरपेक्षा कितीतरी जलद गतीने घेऊन पाहावी.

बॅटरीवर चालणाऱ्या वायरलेस सेन्सरची बॅटरी जास्त टिकावी, नेटवर्कवरचा भार हलका व्हावा, अशा सरळ कारणांनी नमुनाकाल वाढवण्याचा मोह होतो. तो वाढवल्याने कंट्रोलरचा गेन बदलत नाही, म्हणून काहीच बदलले नाही असे वाटते. पण स्थिरता K आणि T यांच्या गुणाकारावर ठरते, आणि उशीर असेल तर त्या गुणाकाराला जागाही कमी उरते. तेव्हा नमुनाकाल ५ चा १५ करण्याआधी वाचन व्हॉल्व्हपर्यंत किती फेऱ्या उशिरा पोहोचते ते मोजा, एका ओळीचे समीकरण मांडा आणि त्याची मुळे वर्तुळाच्या आत, तीही कडेपासून पुरेशी दूर आहेत का ते पाहा. या कामाला दहा मिनिटे लागतात, आणि ती टाकीला हात लावण्याआधीच द्यायची असतात.